‘फिट आली’ म्हणण्याआधी हात पाहा

डोक्याला मार लागून बेशुद्ध पडलेल्या माणसाचे हातपाय एकाएकी ताठ झाले, की भोवतालच्या दहा जणांपैकी नऊ जण म्हणतात, “फिट आली.” कोणी आकडी म्हणतो, कोणी झटका म्हणतो, जुनी माणसे वात आला म्हणतात. मग कांदा फोडून नाकाशी धरला जातो, हातात किल्ल्यांचा जुडगा कोंबला जातो, आणि दोघे-तिघे मिळून ते हात दाबून धरतात. यात नातेवाईकांना दोष देण्यासारखे काही नाही. हगलिंग्ज जॅक्सन या एकोणिसाव्या शतकातल्या थोर इंग्रज मेंदूतज्ज्ञानेही अशाच ताठरण्याला ‘सेरेबेलर फिट’ असे नाव दिले होते. पण ती बहुतेक वेळा फिट नसते. ती एक ठराविक ठेवण असते, आणि हात कोणत्या बाजूला वळले यावरून मेंदूत काय चालले आहे याचा बराच अंदाज बांधता येतो. माझे म्हणणे एवढेच आहे, की ‘फिट’ हा एक शब्द सांगून किंवा लिहून आपण ही माहिती फुकट घालवतो. नातेवाईक ती घालवतात, आणि त्यांच्याहून जास्त आम्ही डॉक्टर मंडळी घालवतो.

हे समजायला आधी एक साधा प्रश्न घेऊ. आपण उभे राहतो ते कशाच्या जोरावर? रांगेत उभा असलेला माणूस गुडघे ताठ ठेव, पाठ सरळ ठेव असे मनाशी म्हणत नाही. तो शेजाऱ्याशी गप्पा मारत असतो. तरीही मांडीचे, पाठीचे, मानेचे स्नायू किंचित आवळलेले असतात, म्हणून तो कोसळत नाही. स्नायूंच्या या कायमच्या आवळणीला आम्ही टोन म्हणतो; मराठीत ताण म्हणू. हा ताण सांभाळण्याचे मोठे काम मेंदूचा देठ करतो. डॉक्टर ज्याला ब्रेनस्टेम म्हणतात, तो हा भाग मोठ्या मेंदूच्या खाली आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूच्या वर असतो. लांबी जेमतेम बोटाएवढी. श्वास, शुद्ध, डोळ्यांच्या हालचाली आणि हा ताण, सगळे त्या एवढ्याशा जागेत दाटीवाटीने बसलेले आहे.

1898 साली चार्ल्स शेरिंग्टन यांनी इंग्लंडमधल्या लिव्हरपूल येथे केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. (पुढे 1932 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.) त्यांनी भूल दिलेल्या मांजराच्या मेंदूच्या देठावर, अगदी वरच्या भागात आडवा छेद घेतला, म्हणजे मोठ्या मेंदूचा खालच्या भागाशी असलेला संबंध तोडला. कोणालाही वाटेल, की मोठा मेंदूच तुटल्यावर प्राणी लुळा पडेल. झाले उलटेच. मांजराचे चारही पाय काठीसारखे ताठ झाले, मान वर गेली, शेपूट उभी राहिली. चार पायांवर ठेवले तर ते टेबलासारखे उभे राहत असे. म्हणजे ताठ ठेवण्याचा हुकूम वरून येतच नव्हता. तो देठातूनच सुटत होता, आणि वरचा मेंदू त्याला लगाम घालत होता. छेदाने लगाम तुटला, घोडा उधळला.

शेरिंग्टन यांनी पुढे आणखी एक गोष्ट पाहिली, आणि मला स्वतःला ती जास्त मोलाची वाटते. अशा ताठ पायाकडून मज्जारज्जूकडे बातमी नेणाऱ्या नसांची मुळे त्यांनी कापली. स्नायूला हुकूम देणाऱ्या नसांना हात लावला नाही. तरीही तो पाय सैल पडला. याचा अर्थ असा, की देठ स्नायूला सरळ आवळत नाही. स्नायूंमध्ये ताण मोजणारे बारीक मापक असतात. देठ त्यांना फाजील हळवे करून ठेवतो. मग स्नायू जरा ताणला गेला, की मापक ओरडा करतो आणि मज्जारज्जू स्नायू आवळून त्याला उत्तर देतो. ही देवाणघेवाण तोडली, की ताठरपणा जातो. रुग्णाला चिमटा काढला, कूस बदलली किंवा रुग्णवाहिका खड्ड्यात आपटली, की हात पुन्हा ताठ का होतात, याचे निदान अर्धे उत्तर इथे मिळते. बाहेरून बातमी पोचली, की जबाब उसळतो.

देठात ताण वाढवणारी केंद्रे आहेत, तशी कमी करणारीही आहेत. तोल सांभाळणारे केंद्र कानाच्या आतील तोलाच्या यंत्रणेशी जोडलेले असते, आणि ते पाय व पाठ ताठ करणारे स्नायू आवळते. देठाच्या मधल्या भागातली काही जाळी त्याला साथ देतात. त्यांना आवरणारी जाळी देठाच्या खालच्या टोकाला आहेत, पण त्यांची गंमत अशी, की ती आपल्या बळावर फारसे काम करत नाहीत; त्यांना वरून, मोठ्या मेंदूकडून रसद लागते. ती तुटली, की आवरणारे गप्प होतात आणि आवळणारे चालूच राहतात.

आता माणसाकडे येऊ. माणसात या ताठरण्याचे दोन साचे दिसतात. पहिल्यात दोन्ही हात कोपरात दुमडून छातीशी येतात, मनगटे आत वळतात, मुठी आवळतात, पाय मात्र सरळ ताठ होतात आणि पावलांची टोके खाली वळतात. याला डीकॉर्टिकेट ठेवण म्हणतात. दुसऱ्यात हातही ताठ होतात. कोपरे सरळ, हात अंगालगत, आणि सबंध हात आतल्या अंगाला पिळवटल्यामुळे तळवे बाहेर किंवा मागे वळलेले. जबडा घट्ट मिटलेला, कधी पाठही कमानीसारखी. ही डीसेरेब्रेट ठेवण. शेरिंग्टन यांच्या मांजराची माणसातली बहीण. नावे विसरलात तरी चालेल. हात छातीकडे आले की लांब ताठ झाले, एवढे लक्षात ठेवा.

पाय दोन्हींत ताठच असतात. फरक हातांचा आहे. देठाच्या वरच्या भागात एक तांबूस रंगाचे केंद्र आहे. इंग्रजी पुस्तके त्याला रेड न्यूक्लियस म्हणतात. हात दुमडणाऱ्या स्नायूंना ते चालना देते. इजा त्याच्या वर असेल, तर ते शाबूत राहते आणि हात दुमडतात. इजा किंवा दाब त्या केंद्रापर्यंत पोचला, की हात दुमडणारा कोणी उरत नाही आणि तेही पायांसारखे ताठ होतात. म्हणून दुमडलेले हात सरळ ताठ होऊ लागले, तर दाब वरून खाली सरकतो आहे असे समजावे. अर्थात हे मांजरावरून माणसावर बेतलेले चित्र आहे. माणसात ते तांबूस केंद्र आणि त्याची वाट बरीच लहान आहे, आणि प्रत्यक्ष रुग्णात एक हात दुमडलेला व दुसरा ताठ असेही दिसते. हातांवरून इजेची जागा बोट ठेवून दाखवता येत नाही. दिशा मात्र कळते, आणि रात्रीच्या वेळी छोट्या दवाखान्यात तीच हवी असते.

अर्धांगवायू झालेला माणूस वाचकांनी पाहिला असेलच. काही आठवड्यांनी त्याचा हात कोपरात वाकून पोटाशी येतो आणि पाय ताठ होऊन चालताना अर्धवर्तुळ काढतो. तो साचा याच घराण्यातला. तो सावकाश बनतो, एका बाजूला राहतो, आणि रुग्ण शुद्धीत असतो. बेशुद्ध रुग्णात तेच काही मिनिटांत घडते, आणि म्हणून ते धोक्याचे.

एक रुग्ण सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. चोविशीतला तरुण, संध्याकाळी 7 च्या सुमारास मोटारसायकल घसरून पडला. हेल्मेट नव्हते. डावी कानशिले रस्त्यावर आपटली. चार-पाच मिनिटे शुद्ध नव्हती, मग उठला, चहा घेतला, “काही नाही, ठीक आहे” म्हणाला. साडेआठला डोके दुखू लागले, 9 ला दोन उलट्या झाल्या, साडेनऊला तो हाकेला ओ देईना. जवळच्या दवाखान्यात नेले. तेथे चिमटा काढल्यावर डावा हात डॉक्टरांचा हात ढकलायचा, उजवा हात मात्र दुमडून छातीशी यायचा. हे दोन-तीनदा झाले. त्याला फिट समजून गुंगीचे इंजेक्शन दोनदा दिले गेले आणि चिठ्ठी लिहिली गेली: डोक्याला मार, बेशुद्ध, वारंवार फिट्स, पुढील उपचारासाठी.

साडेअकराला तो आमच्याकडे पोचला. डावी बाहुली उजवीपेक्षा जराशी मोठी होती, पण उजेडाला अजून आकसत होती. चिठ्ठी वाचून कोणालाही वाटावे, की फिट येऊन गेल्या, वर दोन इंजेक्शने झाली, तेव्हा हा औषधाच्या गुंगीत असणार. तसे एकाने बोलूनही दाखवले. पण बरोबर आलेले त्याचे मामा शेतकरी गृहस्थ होते, आणि त्यांनी सगळा प्रवास भाच्याच्या उशाशी बसून काढला होता. ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तिथं असताना उजवा हात छातीशी घ्यायचा, डावा चांगला चालायचा. अर्ध्या वाटेत दोन्ही हात असे लांब ताठ व्हायला लागले, तळवे उलटे. गाडी आदळली की व्हायचं. हातपाय उडत नव्हते.” आणि त्यांनी आपले हात तसे करून दाखवले.

आम्हाला हवे ते सगळे त्यात होते. आधी एकच बाजू बिघडली होती, आणि तीही उजवी, म्हणजे दोष डाव्या अर्ध्या मेंदूवर. दोन तासांच्या आत दुसरी बाजूही गेली आणि हात दुमडायचे थांबून ताठ झाले, म्हणजे दाब देठापर्यंत उतरला. डावी बाहुली त्याच गोष्टीची साक्ष देत होती, कारण ती आकसवणारी नस देठाच्या वरच्या भागातून निघते आणि सरकलेला मेंदू तिला तिथेच चिमटतो. सी.टी. स्कॅन तर कोणत्याही परिस्थितीत झालाच असता. फरक एवढा पडला, की फिल्म हातात येण्याआधीच शल्यचिकित्सकाला फोन गेला, शस्त्रक्रियागृह उघडले, मॅनिटॉल सुरू झाले. फिल्ममध्ये कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये, डाव्या कानशिलाच्या आत, मोठी गुठळी होती. कानशिलाचे हाड पातळ असते, ते तडकले की आतून जाणारी धमनी फाटते, आणि धमनीचे रक्त जोराने साठते. मधली दीड तासाची ‘ठीक आहे’ ही अवस्था म्हणजे गुठळी वाढत असतानाची उसंत. पाऊणला शस्त्रक्रिया सुरू झाली. तिसऱ्या दिवशी तो चिमटा काढणारा हात शोधून ढकलू लागला, पाचव्या दिवशी सांगितल्यावर बोटे हलवली. आज तो कामावर जातो. उजव्या हाताने लिहायला थोडा वेळ लागतो.

खरी फिट आणि ही ठेवण ओळखायची कशी? फिटमध्ये ताठरल्यानंतर सहसा तालात झटके येतात, हातपाय उडतात, बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत सारे थांबते, आणि मग अंग ढिले पडते. या ठेवणीत ताल नसतो. हात हळू वळतात, तसेच राहतात, आणि स्पर्शाने, चिमट्याने, घशातली घाण ओढताना, गाडीच्या धक्क्याने पुन्हा उमटतात. धनुर्वाताशीही घोटाळा होतो, पण धनुर्वाताचा रुग्ण शुद्धीत असतो आणि वेदनेने कळवळतो. कधी कधी फरक खरोखर अवघड असतो, मार लागलेल्याला फिटही येऊ शकते, आणि मोठ्या इस्पितळात मेंदूचा विद्युत आलेख काढूनच निर्णय होतो. पण शंका असताना गुंगीचे औषध टोचत राहणे याला दुहेरी किंमत आहे. श्वास मंदावतो, आणि हातांची भाषा पुसली जाते.

याहून फसवी गोष्ट पुढची आहे. ताठ असलेले हात अचानक सैल पडले, की नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात. “आता शांत झाला.” दाब आणखी खाली उतरून ताण वाढवणारी केंद्रेही बंद पडली, तरी हात सैलच पडतात. अशा वेळी चिमटा काढूनही काही हलत नाही, श्वास अनियमित होतो. ही सुधारणा नव्हे. सुधारणा असेल तेव्हा हात उलट्या क्रमाने वर चढतात: ताठ असलेले दुमडू लागतात, मग चिमट्यापासून दूर जातात, मग चिमटा काढणाऱ्याला ढकलतात.

हाच क्रम 1974 साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगो येथील टीसडेल आणि जेनेट या दोघांनी बांधलेल्या मोजपट्टीत आहे. आज ती जशी वापरतात तीत हाताच्या हालचालीला 6 पर्यंत गुण मिळतात. सांगितलेले करतो त्याला 6, दुखत्या जागी हात नेतो त्याला 5, नुसता हात मागे घेतो त्याला 4, दुमडून ठेवण घेतो त्याला 3, लांब ताठ करतो त्याला 2, काहीच नाही त्याला 1. डोळ्यांचे आणि बोलण्याचे गुण वेगळे. आमची मंडळी तिन्हींची बेरीज करून ‘ग्लासगो 6’ असे लिहितात आणि मोकळी होतात. पण डोळे 1, बोलणे 1, हात 4 यांची बेरीज 6 होते, आणि डोळे 2, बोलणे 2, हात 2 यांचीही 6 च होते. पहिला चिमट्यापासून हात काढून घेतो, दुसऱ्याचे हात देठावर दाब आल्यासारखे ताठ होतात. हे दोन वेगळे रुग्ण आहेत, आणि बेरीज त्यांना एकच ठरवते. शिवाय पट्टी चांगल्या हाताचे गुण मोजते. वरच्या तरुणाचा डावा हात 5 गुण मिळवत होता, तेव्हा उजव्या हाताची 3 ची कहाणी बेरजेत येणारच नव्हती.

म्हणून माझा आग्रह आहे, की रुग्ण पुढे पाठवताना चिठ्ठीवर बेरीज लिहू नये. लिहिलीच तर नंतर लिहावी. आधी वेळ लिहावी, मग उजवा हात काय करतो, डावा काय करतो, बाहुल्या कशा आहेत, कोणते औषध किती वाजता दिले. “9.40: चिमट्याला डावा हात ढकलतो, उजवा दुमडतो, बाहुल्या सारख्या.” एवढ्याला अर्धा मिनिट लागतो. गर्दीत वेळ नसतो ही सबब मी ऐकली आहे आणि ती मला पटत नाही, कारण ‘वारंवार फिट्स, पुढील उपचारासाठी’ लिहायलाही जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. चिमटाही नीट काढावा: बोटाच्या टोकावर, खांदा आणि मान यांमधल्या स्नायूवर किंवा भुवईखालच्या खाचेवर दाब द्यावा. छातीच्या हाडावर मुठीने घासायची जुनी सवय सोडावी. तिथे हात वर आला, तर तो दुमडला की ढकलायला आला, हेच कळत नाही.

नातेवाईकांसाठीही थोडे आहे. 108 ला फोन करा. हात दाबून धरू नका, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका. उलटी होत असेल तर मान आणि धड एका रेषेत ठेवून, दोघा-तिघांनी मिळून सबंध अंग कुशीवर वळवा. आणि घड्याळ पाहा. कोणता हात, कुठे वळला, किती वाजता, हे मामांसारखे करून दाखवा.

हे वाचून कोणी असे समजू नये, की हात ताठ झाले म्हणजे सगळे संपले. अशी ठेवण घेणाऱ्या रुग्णाचा देठ निदान काही अंशी जिवंत आहे. म्हणूनच ज्याला कायद्याने मेंदूमृत म्हणतात, त्यात ही ठेवण बसत नाही. ती दिसत असताना कोणी तसे जाहीर करू शकत नाही. आणि प्रत्येक वेळी कारण गुठळीच असते असेही नाही. यकृत निकामी झाल्यावर, किंवा रक्तातली साखर फार उतरल्यावर, कोठेही मार नसताना हात असेच दुमडतात किंवा ताठ होतात. मधुमेहाच्या गोळ्या घेऊन उपाशी राहिलेले आजोबा सकाळी अंथरुणात ताठ सापडले, तर स्कॅनची वाट धरण्याआधी बोटाला सुई टोचून साखर पाहावी. ती पाहायला मिनिटही लागत नाही, आणि खाली असेल तर शिरेतून ग्लुकोज गेल्यावर तेच हात पुष्कळदा काही मिनिटांत सैल पडून आजोबा डोळे उघडतात. उशीर झाला तर मात्र ग्लुकोज कितीही दिले तरी ते उघडतीलच असे नाही.